नाव नसलेली चाल: एका निवृत्त आल्टो गायिकेचे प्रकरण

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या घरी जाऊन त्यांचा दिनक्रम बसवून देणे, हे माझे काम आहे. या प्रकरणातील बाई नगर शहरातल्या एका मिशन शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत असत. शाळेच्या नोकरीहूनही अधिक वर्षे त्या आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे स्त्रियांच्या दोन आवाजांपैकी खालचा आवाज, गात होत्या. वयाच्या पंधराव्या वर्षी त्या क्वायरमध्ये आल्या आणि साठी उलटल्यावर गुडघ्यांमुळे उभे राहणे जमेना, तेव्हा बाहेर पडल्या. घरचे लोक सोडले तर गावातले सगळेच त्यांना बाई म्हणत, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.

मी त्यांना प्रथम भेटले तेव्हा त्यांचे वय 78 होते आणि अल्झायमरचे निदान होऊन काही वर्षे लोटली होती. मेंदूविकारतज्ज्ञांनी थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्व आणि मेंदूचे स्कॅन हे सारे आधीच तपासले होते, त्यामुळे औषधाने उलटवता येईल असे एखादे कारण मागे राहून गेले असेल, ही शंका उरली नव्हती. स्मरणशक्तीच्या तीस गुणांच्या नेहमीच्या चाचणीत त्यांना 11 गुण मिळाले. वार, महिना, गाव यांपैकी काहीच त्यांना सांगता येत नसे. मुलाला त्या कधी भाऊ समजत, तर कधी शाळेचा शिपाई. बोलणे दोन-तीन शब्दांवर आले होते. कुटुंबाला सर्वांत जड जाई ती संध्याकाळ. पाचच्या सुमारास त्यांची घालमेल सुरू होई, त्या दाराची कडी काढू पाहत, आणि त्यातच अंघोळीची वेळ आली की हात झटकत, ओरडत, एकदोनदा सुनेला चावल्याही होत्या.

पहिल्याच भेटीत सूनबाईंनी जे सांगितले, त्यातून हे प्रकरण उभे राहिले. "आई दिवसभर काहीतरी गुणगुणतात, पण त्याला धड चाल नाही. एकाच सुरावर रेंगाळतात आणि मध्येच गप्प होतात. गाणं म्हणावं तर गाणंही नाही." घरच्यांनी आपल्या परीने संगीताचे उपाय करून पाहिले होते. मोबाइलवर जुनी भावगीते, बाईंच्या तरुणपणीची चित्रपटगीते आणि अर्थातच नाताळची गीते त्यांनी लावली होती. भावगीतांकडे बाईंनी लक्ष दिले नाही आणि नाताळच्या गीतांना तर त्या वैतागल्या. संगीत आवडणाऱ्या बाईंना संगीतच नकोसे झाले आहे, असा निष्कर्ष घरात निघाला होता. ते गुणगुणणे आजारातले निरर्थक पुनरावर्तन असावे, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत होते. तसे पुनरावर्तन या आजारात खरोखर आढळते, त्यामुळे ते मत अवाजवी म्हणता येणार नाही.

मला मात्र त्या गप्प होण्याकडे लक्ष द्यावेसे वाटले. बाई एक ओळ गुणगुणत, दुसरी गुणगुणत आणि थांबत. थांबल्यावर त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावर हलकेच, एकसारख्या अंतराने टेकत राही. मग ओठ मिटलेलेच असताना नाकावाटे एक लांब श्वास आत जाई. खांदे जागेवर राहत आणि पोट पुढे येई, आणि लगेच तिसरी ओळ सुरू होई. निरर्थक पुनरावर्तन करणारा माणूस असा मोजून थांबत नाही आणि सूर लावण्याआधी तयारीचा श्वासही घेत नाही. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून नंतर वेळ मोजली, तेव्हा प्रत्येक वेळची शांतता साधारण एका ओळीच्या लांबीएवढीच भरली. बाई ठोके मोजत होत्या. त्या जागेवर दुसरे कोणीतरी गात होते आणि ते संपण्याची त्या वाट पाहत होत्या.

ते मुद्रण मी त्यांच्याच मंडळीत पेटी आणि ऑर्गन वाजवणाऱ्या एका गृहस्थांना ऐकवले. तरुणपणी ते त्याच क्वायरमध्ये टेनर गात. त्यांनी पहिल्या दोन ओळी सरगमीत लिहून दिल्या. पहिली ओळ आठ स्वरांची होती: चार वेळा खालचा पंचम, दोन वेळा खालचा धैवत आणि पुन्हा दोन वेळा पंचम. दुसरी ओळ सहा स्वरांची: तीन वेळा षड्ज, दोन वेळा खालचा निषाद आणि शेवटी षड्ज. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "ही गाण्याची चाल नाही, हा बाईंचा पार्ट आहे."

त्यांचे म्हणणे समजून घ्यायला मराठी मंडळ्यांतले गायन थोडे माहीत असावे लागते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये 1831 पासून चालत आले, आणि तेथील उपासनेत दोन प्रवाह शेजारी शेजारी रुजले. एक रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या वळणाचा, अभंग आणि भजनांचा. पेटी आणि तबला साथीला घेऊन सगळी मंडळी तो एकाच सुरात गाते. दुसरा पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या गीतांचा, ज्यात क्वायर चार आवाजांत गाते: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. गीत म्हणून लोकांच्या कानात बसते ती सोप्रानोची चाल. आल्टोचे काम त्या चालीखाली स्वरसंगती भरण्याचे असते, त्यामुळे तिचा पार्ट बहुतेक चार-पाच स्वरांत फिरतो, एकाच स्वरावर बराच वेळ थांबतो, आणि सुटा ऐकला तर अर्धवट, कंटाळवाणा, कधी चुकीचाही वाटतो. चाळीस माणसांत उभी राहून आल्टो जे गाते, ते तिच्या घरच्यांनी कधी सुटे ऐकलेलेच नसते.

बाईंनी पंचेचाळीसच्या आसपास वर्षे सराव केला तो या खालच्या ओळींचा. घरात मोबाइलवर नाताळचे गीत लागे तेव्हा बाईंच्या कानावर दुसऱ्याच आवाजाचा पार्ट पडे. तो त्या ओळखत असतीलही, पण त्यांच्या गळ्याने तो कधी गायलेला नव्हता.

आमचा हा अंदाज खरा की केवळ सुखद, हे तपासणे आवश्यक होते, कारण रुग्णाच्या हालचालींत हवा तो अर्थ वाचण्याचा मोह घरच्यांना होतो आणि आम्हालाही होतो. कॅनडातील लोला कडी आणि जॅकलिन डफिन यांनी 2005 मध्ये अल्झायमरच्या एका 84 वर्षांच्या स्त्रीचे प्रकरण प्रसिद्ध केले होते. तिची स्मृती बाईंपेक्षाही क्षीण होती, तरी ओळखीची चाल लागली की ती बरोबर गाऊ लागे आणि चालीत मुद्दाम स्वर बिघडवला की तिच्या चेहऱ्यावर ते उमटे. बोलून उत्तर देऊ न शकणाऱ्या व्यक्तीला चाल कळते की नाही हे जाणण्याची ही साधी युक्ती आहे. आम्ही तीच वापरली.

पेटीवाले गृहस्थ बाईंच्या मागे, त्यांना दिसणार नाहीत असे बसले. मी आणि सूनबाई समोर बसून वेगवेगळ्या कागदांवर नोंदी करत होतो आणि पुढे काय वाजणार आहे हे दोघींनाही ठाऊक नव्हते. त्यांनी बाईंची ओळ जशीच्या तशी वाजवली, मग तीच ओळ शेवटच्या शुद्ध निषादाच्या जागी कोमल निषाद घालून वाजवली, मग बाईंनी नक्की गायलेल्या दोन गीतांची सोप्रानोची चाल, आणि शेवटी त्याच गीतांचे आल्टो पार्ट. क्रम प्रत्येक वेळी बदलला आणि हे सगळे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा केले.

पहिल्या दिवशी काहीच घडले नाही. बाई ऐकत होत्या, पण गायला लागल्या नाहीत. पेटीवाल्यांच्या लक्षात आले की त्यांनी जुन्या सवयीने पांढरी चार हा षड्ज धरला होता. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली येतो, आणि मुद्रणात बाई स्वतः पांढरी दोनच्या आसपास गुणगुणत होत्या. षड्ज पांढरी दोनवर आणताच बाईंनी दुसऱ्या स्वरापासून सूर धरला. जी व्यक्ती ओळखीचे संगीत लावूनही प्रतिसाद देत नाही असे वाटते, तिच्या बाबतीत पट्टी तपासून पाहणे किती गरजेचे आहे, हे मला तेव्हा पटले. गळ्याला झेपत नसेल तर आठवण असूनही ती बाहेर येत नाही.

त्यानंतरचे निकाल आम्हा दोघींच्या कागदांवर जवळपास सारखे आले. मूळ ओळीला बाई दर वेळी गात किंवा किमान बोटाने ठोका धरत. कोमल निषाद आला की गाणे तिथेच थांबे. एकदा त्यांनी मान वळवून मागे पाहिले आणि स्पष्ट म्हटले, "नाही." गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांनी प्रसंगाला धरून उच्चारलेला तो पहिला शब्द होता, असे सूनबाईंनी सांगितले. सोप्रानोच्या चालींना प्रतिसाद नव्हता. मला अपेक्षा होती की इतर गीतांच्या आल्टो पार्टना त्या प्रतिसाद देतील, पण तसे झाले नाही. एकदा किंचित बोट हलले, एवढेच. म्हणजे बाईंना सारे आल्टो पार्ट आठवत होते असे नव्हे. शेकडो पार्टमधून हा एकच शिल्लक राहिला होता, आणि तोच का, याचे उत्तर हाती आलेल्या माहितीतून निघत नाही.

सराव केलेले संगीत टिकते, याला मेंदूच्या रचनेत काही आधार मात्र आहे. काल काय घडले, समोर कोण आहे, हे ध्यानात ठेवण्यासाठी मेंदूच्या कानशिलालगतच्या आतील भागाची गरज लागते, आणि अल्झायमर तेथूनच सुरू होतो. शेकडो वेळा गळ्यातून आणि श्वासातून गेलेली ओळ त्या भागावर फारशी अवलंबून नसते. 2015 मध्ये याकोब्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, दीर्घ परिचयाच्या संगीताच्या स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्लिश क्वायर-संचालकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 1985 मध्ये मेंदूला सूज येऊन त्यांची स्मृती गेली आणि काही क्षणांपूर्वीचेही त्यांना आठवेनासे झाले, पण समोर संगीत आले की ते वाजवू आणि चालवू शकत. त्यांचा आजार वेगळा होता, पण गाण्याची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती एकमेकींपासून सुटी होऊ शकते, हे त्यातून दिसते.

मग हे कोणते गीत, याचा शोध सुरू झाला. आठ आणि सहा स्वरांच्या ओळींचा साचा दिसल्यामुळे पेटीवाल्यांना प्रथम ते सोपे वाटले होते. 8-6-8-6 हा गीतसंग्रहांमधला अतिपरिचित साचा आहे, आणि त्यातच अडचण होती, कारण त्यात शेकडो चाली बसतात. त्यांनी 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहातील अशा गीतांचे आल्टो पार्ट जवळच्या चार आवाजांच्या स्वरलिपीतून एकेक करून पाहिले आणि एकही पूर्ण जुळला नाही. शिवाय ती मध्येच येणारी एका ओळीची शांतता होती. मंडळीने गायच्या गीतांत चारही आवाज बहुधा एकदमच चालतात. एक ओळ केवळ पुरुषांनी गायची आणि आल्टोने थांबायचे, अशी मांडणी सणावाराला क्वायरने स्वतंत्रपणे बसवलेल्या रचनेत असते. अशा रचनांची त्या काळची पाने सायक्लोस्टाइल केलेली किंवा हाताने उतरवलेली असत. चर्चच्या माळ्यावरचे ते गठ्ठे वाळवीने केव्हाच संपवले होते.

क्वायरमधल्या एक सोप्रानो अद्याप शहरातच होत्या, बाईंपेक्षा वयाने थोड्या मोठ्या आणि बुद्धीने पूर्ण जाग्या. ही ओळ त्यांनी ओळखली नाही. त्या सोप्रानोत होत्या, म्हणून त्यात आश्चर्य नव्हते. पेटीवर स्वरसंगती धरून बाईंची ओळ वाजवली, तेव्हा त्यांनी तिच्यावर वरच्या आवाजाची एक ओळ सहज गुणगुणली आणि पुढे अडखळल्या. घरच्यांना वाटले, आता गीत सापडलेच. मला तसे मानता आले नाही. इतकी वर्षे चार आवाजांत गायलेल्या कोणाही सोप्रानोला स्वरसंगती ऐकवली तर तिच्यावर बसणारी एक ओळ ती जागच्या जागी रचू शकते. त्यांनाही खात्री नव्हती आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. त्यांनी आठवणीतून काढलेली दोन-तीन नावे घरच्यांनी बाईंपुढे उच्चारून पाहिली. बाईंवर त्याचा कसलाही परिणाम झाला नाही. चाल नावाशिवायच राहिली, आणि उपयोगासाठी नावाची गरजही नव्हती.

उपयोग करायचा होता तो संध्याकाळच्या अंघोळीसाठी. व्यक्तीच्या आवडीचे संगीत अस्वस्थतेच्या नेहमीच्या वेळेआधी सुमारे अर्धा तास ऐकवावे, असे लिंडा गर्डनर यांच्या पद्धतीत सांगितलेले आहे. घालमेल टिपेला पोहोचल्यावर संगीत लावले तर तो आणखी एक गोंगाट ठरतो. आम्ही साडेचारची वेळ ठरवली. टीव्ही बंद करायचा, सूनबाईंनी बाईंच्या डाव्या बाजूला बसायचे, कारण त्यांना त्या कानाने बरे ऐकू येई, आणि पांढरी दोनच्या पट्टीत ती ओळ हळू गुणगुणायची. बाईंनी सूर धरला की दोन ओळींनंतरची शांतता पाळायचीच, ती भरून काढायची नाही. पहिल्या काही दिवसांत सूनबाई त्या शांततेत घाबरून पुढची ओळ सुरू करत आणि बाईंचे गाणे तिथेच तुटे. त्या स्वतः बोटाने ठोके मोजायला शिकल्या, तेव्हा जमले. तीन-चार आवर्तनांनंतर गुणगुणत गुणगुणतच उठायचे आणि न्हाणीघराकडे चालायचे. पाणी अंगावर घेताना शांतता येणार नाही आणि ओळ चालू असेल, एवढी काळजी घ्यायची.

महिन्याभराच्या नोंदींत अंघोळीच्या वेळी हात झटकणे निम्म्याहून खाली आले आणि चावणे थांबले. दाराची कडी काढू पाहणे मात्र तसेच राहिले, फक्त ते अंघोळीनंतर, सहाच्या पुढे सुरू होऊ लागले. मुलाची ओळख परत आली नाही. वर्षानंतरच्या चाचणीत 11 गुणांचे 7 झाले होते. चालीमुळे आजार मंदावला असे मी कोणालाही सांगितलेले नाही.

दोनदा गोष्ट बिघडली. मुलाने प्रेमापोटी आईचेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर फिरते ठेवले आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात वाजू लागले. दहाएक दिवसांत बाई ओळ अर्ध्यात सोडू लागल्या आणि साडेचारलाही तोंड फिरवू लागल्या. मुद्रण पूर्ण बंद करून आठवडाभर चाल अजिबात काढायची नाही असे ठरवले, त्यानंतर प्रतिसाद हळूहळू परतला. तेव्हापासून चाल दिवसातून एकदाच आणि माणसाच्या गळ्यातूनच, हा घरचा नियम झाला. नाताळात घरी आलेल्या पाहुण्यांनी "बाई, गाऊन दाखवा ना" असा आग्रह धरला, तेव्हाही त्या दिवसाची अंघोळ हातची गेली. समोर बसून एकटक पाहणाऱ्या माणसांपुढे त्या गात नसत. क्वायरमध्ये आल्टो कधी एकटी पुढे येत नाही, आणि या बाईंना तर शेजारी सूर धरणारे कोणी असले तरच सुरुवात सापडत असे.

तिसरा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पावसाळ्यात एका सोमवारी बाईंनी ओळीला दाद दिली नाही. मंगळवारी बोटही हलले नाही. खाणे थोडे कमी झाले होते, ताप नव्हता, आणि आजार पुढे सरकला असे घरातल्या सर्वांनी मानून घेतले असते. सूनबाईंनी मात्र फोन करून सांगितले, "निषाद चुकीचा गायले, तरी आई थांबल्या नाहीत." अल्झायमर असा दोन दिवसांत कोसळत नाही. अचानक आलेल्या घसरणीमागे बहुधा दुसरे दुखणे असते, म्हणून मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. वृद्ध रुग्णाला त्यामुळे तापाशिवायही भ्रम होऊ शकतो. प्रतिजैविकांचा कोर्स संपत आला तशी पहिली ओळ परत आली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी कोमल निषादाला बाई पुन्हा थांबल्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मुद्दाम चुकीचा निषाद गाऊन पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे सूनबाईंच्या वहीत रक्तदाबाच्या शेजारी आले आहे.

आता दिवसभरासाठी एक मदतनीस ठेवल्या आहेत. त्या बीडकडच्या आहेत, जात्यावरच्या ओव्या त्यांना येतात आणि क्वायर त्यांनी कधी ऐकलेला नाही. सरगम किंवा पट्टी त्यांना समजावून सांगण्याचा उपयोग नव्हता, म्हणून सूनबाईंनी त्यांना सलग काही दिवस साडेचारला शेजारी बसवून ओळ कानाने शिकवली. सूर त्यांनी लवकर उचलला. शांतता पाळायला वेळ लागला, कारण ओवी अशी मध्ये थांबत नाही. बाईंचा आवाज आता क्षीण झाला आहे आणि काही दिवशी केवळ बोटाचा ठोका दिसतो, तेव्हा मदतनीस तो ठोका पाहून पुढची ओळ कधी सुरू करायची ते ठरवतात.